डायनिंगच्या प्लॅनमध्ये खुर्च्या आत ढकलून काढू नका, मी फसलेय

इंटिरियरमध्ये नवीन आलेल्यांसाठी लिहितेय. टेबल किती माणसांचं, एका माणसाला कडेवर २४ इंच लागतात वगैरे तुम्हाला माहीत असेलच, ते सोडून देते.

माझं दुसरंच काम, टू बीएचके. डायनिंगची जागा ९ फूट रुंद, टेबल ५ बाय ३. मी टेबल बरोब्बर मधोमध ठेवलं, दोन्हीकडे ३-३ फूट मोकळे, आणि आमच्या सरांचा ठेका होता "टेबलाभोवती ३ फूट सोड, झालं", त्यामुळे मी निवांत. (सरांचे असे तयार आकडे जरा जपूनच घ्या, ते कशासाठी आहेत हे सर सांगत नाहीत.) भिंतीकडच्या बाजूला ३ फूट खरंच पुरतात, खुर्ची मागे सरकवून उठता येतं. पण दुसरी बाजू म्हणजे हॉलमधून किचनला जायची वाट होती!

क्लायंट राहायला गेल्यावर त्या घरच्या काकूंनी मला जेवायलाच बोलावलं. काका वाटेच्या बाजूला बसलेले, काकू गरम पोळ्या घेऊन आल्या की काका "थांब गं" म्हणत खुर्ची पुढे ओढणार, पोट टेबलाला टेकणार, मग काकू आडव्या होऊन जाणार. प्रत्येक पोळीला हेच. मला घास गिळवेना.

हिशोब साधा आहे हो. माणूस बसला की टेबलाच्या कडेपासून खुर्चीच्या पाठीपर्यंत साधारण २२ इंच जातात. ३६ मधून २२ गेले, उरले १४. त्यात माणूस सरळ चालूच शकत नाही, हातात भांडं असेल तर विसराच. आणि मला दिसलं का नाही, तर नेटवरून घेतलेल्या टेबलाच्या ब्लॉकमध्ये सगळ्या खुर्च्या आत ढकललेल्या असतात. थ्रीडीमध्येही तेच, जेवायला कोणी बसलेलंच नसतं. म्हणून प्लॅन पक्का होण्याआधी थ्रीडी दाखवायला माझा विरोध आहे, क्लायंट भुलतो आणि आपणही.

घाबरू नका, निस्तरता येतं. भिंतीला १८ इंच खोल बाक केला, टेबल भिंतीपासून १६ इंचांवर आणलं, म्हणजे कड बाकावर २ इंच येते आणि बसणाऱ्याला वाकावं लागत नाही. १६ आणि ३६ मिळून ५२, वाटेकडे उरले ५६, बसलेल्याचे २२ गेले तरी ३४ इंच वाट. बाकावरून उठताना मात्र सरकत बाहेर यावं लागतं, त्यामुळे गुडघेदुखीवाल्या आजींची खुर्ची टेबलाच्या टोकाला, किचनच्या दाराजवळ ठेवली.

आता मी साइटवर जमिनीला मास्किंग टेप लावून टेबल आखते, सुताराला मागे ओढलेल्या खुर्चीवर बसवते आणि हातात परात घेऊन स्वतः मागून जाते. सुतार हसतात. हसू देत.