गेमचे पोर्ट उघडण्यासाठी शाळेच्या नेटवर्क प्रशासकाला पत्र : या चुका टाळा

परभणी जिल्ह्यातील ज्या शाळेत मी संगणक शिकवतो, तेथे ई-स्पोर्ट्स क्लबसाठी सहा संगणक आहेत आणि मुले त्यांवर डोटा 2 खेळतात. मुलांनी पहिले पत्र लिहिले ते एका ओळीचे होते : ‘कृपया गेमसाठी पोर्ट 27015 उघडावा.’ नांदेडहून आठवड्यातून एकदा येणाऱ्या नेटवर्क प्रशासकांनी त्याच कागदावर तीन प्रश्न लिहून ते परत पाठवले. दिशा कोणती? टीसीपी की यूडीपी? कोणत्या संगणकांसाठी?

सर्वांत महाग पडणारी चूक दिशेची आहे. डोटा 2 ज्या स्टीम या सेवेवरून चालतो, तिच्या मदत पानावर पोर्टांची लांबलचक यादी असते आणि मुले ती जशीच्या तशी उतरवतात. परंतु त्या यादीत ‘रिमोट’ म्हणजे समोरच्या सर्व्हरचे पोर्ट आणि ‘लोकल’ म्हणजे आपल्या संगणकाचे पोर्ट, हा भेद असतो. 27015 हा लोकल पोर्ट आपण स्वतः सर्व्हर चालवत असू तरच लागतो. केवळ खेळायचे असेल तर आतून बाहेर जाणारी वाट पुरते, कारण आतून सुरू झालेल्या संवादाचे उत्तर फायरवॉल स्वतःहून आत येऊ देते. पत्रात ‘पोर्ट फॉरवर्डिंग’ हा शब्द आला, तर प्रशासकांना शाळेचे दार बाहेरच्यांसाठी सताड उघडायचे आहे असे वाटते, आणि त्यांनी नकार दिला तर दोष त्यांचा नाही.

दुसरी चूक पुराव्याची आहे. आमच्या एका विद्यार्थ्याने दुसऱ्या पत्रासोबत विंडोज पॉवरशेलमधील या आज्ञेचे उत्तर जोडले होते :

```
Test-NetConnection store.steampowered.com -Port 443
```

उत्तरात `TcpTestSucceeded : True` असे आले होते, आणि त्यामुळे ‘आमच्याकडे सर्व सुरळीत आहे’ असा उलटाच अर्थ निघाला. ही आज्ञा फक्त टीसीपी तपासते; सामन्याची खरी देवाणघेवाण मात्र यूडीपीवर होते. म्हणूनच स्टीममध्ये लॉगिन होते, मित्रांची यादी दिसते, पण सामना शोधताना किंवा सामन्यात शिरताना गाडी अडते. यावर साधा उपाय असा की, तोच संगणक मोबाइलच्या हॉटस्पॉटला जोडून खेळून पाहावे. तेथे सामना सुरू झाला आणि शाळेच्या नेटवर्कवर झाला नाही, तर अडथळा शाळेच्या बाजूला आहे, एवढे नक्की ठरते. मग शाळेच्या नेटवर्कवर पुन्हा प्रयत्न करून त्याची नेमकी वेळ आणि `ipconfig` मध्ये दिसणारा संगणकाचा पत्ता पत्रात द्यावा. त्या मिनिटाच्या फायरवॉल नोंदी पाहिल्या की अडवलेली पाकिटे प्रशासकांना लगेच सापडतात.

तिसऱ्या प्रश्नात मी स्वतः फसलो. सहा संगणकांचे आयपी पत्ते मी पत्रात लिहिले आणि परवानगीही मिळाली. पुढच्या आठवड्यात वीज गेली, परत आल्यावर राउटरने पत्ते नव्याने वाटले, आणि क्लबचे पोर्ट कार्यालयातील संगणकांना मिळाले. त्यामुळे पत्रात मॅक पत्ते, म्हणजे प्रत्येक संगणकाच्या नेटवर्क कार्डाचे स्वतःचे क्रमांक, द्यावेत आणि त्यांवर आयपी पत्ते राखून ठेवण्याची विनंती करावी. राखीव पत्ता असला की नियम चुकीच्या संगणकावर जात नाही.

आम्ही शेवटी मुख्याध्यापकांमार्फत पाठवलेल्या पत्राचा गाभा असा होता :

‘संगणक कक्षातील क्र. १ ते ६ या संगणकांवरून (मॅक पत्ते सोबत जोडले आहेत) सोमवार व गुरुवारी दुपारी ४ ते ५.३० या वेळेत, केवळ आतून बाहेर जाणाऱ्या दिशेने, यूडीपी 27000 ते 27100 आणि टीसीपी 27015 ते 27050 या रिमोट पोर्टांना परवानगी मिळावी, ही विनंती. बाहेरून आत येणारा कोणताही नियम आम्हांस नको आहे. सरावाच्या वेळी संगणक शिक्षक कक्षात उपस्थित राहतील आणि सत्र संपताच नियम बंद केला तरी हरकत नाही.’

आवाजाने बोलणे चालत नसेल तर यूडीपी 3478, 4379 आणि 4380 हे पोर्ट नंतर स्वतंत्रपणे मागता येतात. पहिल्याच पत्रात ते घुसवू नयेत. ‘1 ते 65535 सर्व उघडा’ असे तर मुळीच लिहू नये. त्याला होकार देणारा प्रशासक मी अजून पाहिलेला नाही.

परवानगी मिळाल्यानंतरही सामना रखडत असेल, तर पुन्हा पोर्टांवर बोट ठेवण्याआधी त्या वेळी एखादा संगणक गेमचे अद्ययावत रूप उतरवत आहे का, ते पाहावे. ते नेहमीच्या 80 आणि 443 पोर्टांवरून उतरते, सारी लाइन खाऊन टाकते आणि फायरवॉलच्या नोंदीत अडवलेले काहीच दिसत नाही. आम्ही आता अद्ययावत करण्याचे काम शनिवारी शाळा सुटल्यावर उरकतो.