आईचा पहिला स्मार्टफोन: देण्याआधीची तयारी आणि नंतरची शिकवणी

आईला पहिला स्मार्टफोन भेट द्यायचा असेल, तर दुकानात जाण्याआधी तिच्या बटणांच्या फोनमधले सिमकार्ड पाहावे. ते बहुधा आकाराने मोठे असते आणि नव्या फोनला लहान, म्हणजे नॅनो सिम लागते. बँकखाते, आधार, गॅस आणि कर्नाटक सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेचे दोन हजार रुपये जमा झाल्याचा बँकेचा संदेश हे सारे जुन्याच नंबरशी जोडलेले असते. म्हणून नंबर बदलू नये आणि कार्ड कात्रीने कापूही नये. कंपनीच्या दुकानातून त्याच नंबरचे नवे कार्ड घ्यावे. मात्र ज्यांच्या नावावर कार्ड आहे त्यांनाच आधार घेऊन जावे लागते, त्यामुळे बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात आडगावी राहणाऱ्या आईला बाजाराच्या दिवशीच सोबत न्यावे म्हणजे वेगळा हेलपाटा पडत नाही. त्याआधी जुन्या फोनमधली सगळी नावे आणि नंबर वहीत उतरवून घ्यावेत, कारण सिमवर साठवलेले नंबर नव्या कार्डावर येत नाहीत.

नवे कार्ड सुरू झाल्यावर सुरक्षेसाठी पहिले चोवीस तास त्यावर एसएमएस येत किंवा जात नाहीत. याची कल्पना नसल्यास व्हॉट्सॲपचा ओटीपी येत नाही म्हणून फोनच बिघडला असे वाटते. सणाला भेट द्यायची असेल, तर सिमचे काम किमान दोन दिवस आधी उरकावे.

यानंतरची मांडणी आईच्या हातात फोन देण्याआधी आपणच करावी. सेटिंग्जमधून फोनची भाषा मराठी करावी. सीमाभागातल्या अनेक आया कन्नड सफाईने बोलतात, पण त्यांचे वाचन मराठी शाळेतले असते. अक्षरे मोठी करावीत. पहिल्या पडद्यावर फोन, व्हॉट्सॲप, कॅमेरा आणि टॉर्च एवढेच ठेवून बाकीची चिन्हे काढून टाकावीत. प्रत्येक नंबरला आई ज्या नावाने हाक मारते तेच नाव द्यावे आणि शक्य तिथे फोटो जोडावा. गूगल खाते तिच्या नावाने उघडून ते परत मिळवण्यासाठी आपला नंबर द्यावा, आणि पासवर्ड त्याच वहीत लिहावा. रिचार्जचे संदेश कन्नड किंवा इंग्रजीत येतात, म्हणून ती जबाबदारी आपल्याकडे ठेवून मुदत आपल्या फोनमध्ये नोंदवणे चांगले.

खरी अडचण बोटांपाशी येते. स्मार्टफोनचा पडदा दाब ओळखत नाही, त्वचेचा विद्युत स्पर्श ओळखतो. भातलावणीत आणि चुलीपाशी हात रापलेल्या आईची बोटे कोरडी आणि घट्टे पडलेली असतात, त्यामुळे तो स्पर्श क्षीण लागतो. शिवाय बटणाच्या सवयीने ती नखाने टोचते किंवा बोट दाबून धरते. नखाला पडदा दाद देत नाही आणि दाबून धरलेले चिन्ह जागचे हलते किंवा नाहीसे होते. “उचलाय येईना बघ,” असे ती म्हणाली, तर बोट कसे टेकते ते आधी पाहावे. बोटाचा मांसल भाग अलगद टेकवून लगेच उचलायला शिकवावे, आणि सुलभता सेटिंग्जमध्ये ‘स्पर्श करून धरून ठेवण्याचा’ अवधी लांब करावा. पडद्यावर जाड काच लावली असेल आणि फोनमध्ये स्पर्शाची संवेदनशीलता वाढवण्याची सोय असेल, तर तीही सुरू करावी. रापलेल्या बोटांचा ठसाही अनेकदा ओळखला जात नाही, तेव्हा कुलपासाठी चार आकडे बरे.

पहिल्या दिवशी फक्त आलेला फोन घेणे शिकवावे. आपण अंगणात जाऊन फोन करावा, तिने घ्यावा, ठेवावा, पुन्हा करावा. बहुतेक फोनवर हिरवे चिन्ह नुसते टेकून भागत नाही, ते सरकवावे लागते. इथेच सर्वांत जास्त वेळ जातो आणि तो जाऊ द्यावा. या वेळी तिच्या हातातून फोन घेऊन आपण करून दाखवण्याचा मोह टाळावा, कारण आपले बोट भराभर चालते आणि तिला नुसता पडदा बदललेला दिसतो. फोन तिच्याच हातात राहावा आणि आपण तोंडी सांगावे. फोन घेणे अंगवळणी पडल्यावर फोन लावणे, मग व्हिडिओ कॉल आणि त्यानंतर माइकचे चिन्ह दाबून धरून बोललेला निरोप पाठवणे शिकवावे. इथे मात्र दाबूनच धरायचे असते, म्हणून हा धडा अलगद स्पर्श पक्का झाल्यावरच घ्यावा.

पैशांचे ॲप पहिले काही महिने टाकू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. व्हॉट्सॲपच्या गोपनीयता सेटिंग्जमध्ये अनोळखी कॉल शांत करण्याची सोय आहे, ती सुरू करावी. पोलीस व्हिडिओ कॉलवर अटक करत नाहीत आणि ओटीपी कोणालाही, बँकेचा माणूस म्हणवणाऱ्यालाही, सांगायचा नाही, हे आईला नीट समजावून सांगावे. फसवणूक झालीच, तर तत्काळ 1930 वर तक्रार करता येते; तो नंबर मराठी नावाने साठवून तो कुठे सापडतो ते तिच्याकडूनच शोधून घ्यावे.