ऑटो स्कॅनला शून्य चॅनेल? अँटेनाच्या डिजिटल टीव्हीवर या चुका टाळा

पत्र्यावरच्या जुन्या अँटेनाची वायर नव्या बॉक्सला लावायची, ऑटो स्कॅन मारायचा आणि "No channel found" दिसलं की बॉक्स खराब आहे म्हणून दुकानात परत आणायचा. बुलढाणा जिल्ह्याच्या पश्चिम कडेला मी टीव्ही आणि डिशची कामं करतो, आणि हे असंच होताना मी पुष्कळदा पाहिलंय. बहुतेक वेळा बॉक्स चांगला असतो. स्कॅन नेमका काय करतो आणि काय करू शकत नाही, हे माहीत नसल्यामुळे सगळा घोळ होतो.

आधी एक गोष्ट सरळ सांगतो. दूरदर्शनने फेब्रुवारी 2016 मध्ये 16 शहरांत डीव्हीबी-टी2 पद्धतीचं, म्हणजे टॉवरवरून थेट घरच्या अँटेनावर येणारं डिजिटल प्रक्षेपण सुरू केलं. विदर्भाच्या आसपासची त्यातली शहरं म्हणजे तेव्हाचं औरंगाबाद, रायपूर, भोपाळ आणि इंदूर. यवतमाळ, वाशीम किंवा गडचिरोलीच्या खेड्यात उभं राहिलं तर यातलं प्रत्येक शहर अँटेनाच्या टप्प्याबाहेर आहे. तालुक्याच्या गावातल्या छोट्या टॉवरवरून जे दूरदर्शन दिसायचं ते जुनं अ‍ॅनालॉग होतं, आणि ते टॉवर टप्प्याटप्प्याने बंद झाले. म्हणून जिथे हवेत सिग्नलच नाही तिथे "शून्य" हे स्कॅनचं बरोबर उत्तर आहे, आणि मॅन्युअल स्कॅनने त्यात काही फरक पडत नाही. अशा गावात फ्री डिशची छत्री लावणं हाच खरा उपाय. बॉक्स विकत घेण्याआधी टॉवरच्या जवळ राहणाऱ्या ओळखीच्या माणसाला विचारा, की त्याच्याकडे अँटेनावर आज डिजिटल चॅनेल लागतात का. त्याच्याकडेच लागत नसतील तर तुमचे पैसे वाचले.

फ्री डिशच्या बॉक्सला अँटेनाची वायर जोडून स्कॅन करणारेही भेटतात. त्या बॉक्सचा ट्यूनर उपग्रहाचा असतो, त्याला जमिनीवरच्या टॉवरचा सिग्नल कळतच नाही. टीव्हीमध्येही "DTV" लिहिलेलं दिसलं म्हणजे टी2 असेलच असं नाही. कधी तो फक्त केबलचा डिजिटल ट्यूनर असतो. पुस्तिकेत "DVB-T2" अशी अक्षरं दिसली तरच पुढे जा.

आता मुद्द्याकडे येतो. ऑटो स्कॅन हा एसटीच्या कंडक्टरसारखा आहे. प्रत्येक थांब्यावर गाडी थांबवतो, पण जो हजर असेल त्यालाच घेतो. डिजिटल टीव्हीच्या यूएचएफ या फ्रिक्वेन्सी पट्ट्यात एकेक थांबा 8 मेगाहर्ट्झचा असतो, आणि त्या थांब्यालाही चॅनेलच म्हणतात. चॅनेल 21 चा मध्य 474 मेगाहर्ट्झवर, 22 चा 482 वर, असं पुढे जात राहतं. बॉक्स प्रत्येक थांब्यावर थोडाच वेळ थांबतो. तेवढ्यात सिग्नल पक्का पकडला गेला तर त्या फ्रिक्वेन्सीवरचे सगळे चॅनेल यादीत घेतो, नाहीतर पुढे निघून जातो. एखादा सिग्नल काठावरचा असेल, क्षणात येऊन क्षणात जात असेल, तर ऑटो स्कॅन तो सोडून देतो आणि तसं तुम्हाला सांगतही नाही.

मॅन्युअल स्कॅन एकाच थांब्यावर ठाण मांडून बसतो. तुम्ही चॅनेलचा नंबर किंवा फ्रिक्वेन्सी टाकता आणि पडद्यावर दोन पट्ट्या दिसतात, "Strength" आणि "Quality". त्या पट्ट्या चालू असतानाच तुम्ही पत्र्यावर जाऊन अँटेना फिरवू शकता. मॅन्युअलची खरी कमाई हीच आहे. तो सिग्नल वाढवत नाही, पण सिग्नल वाढवायला तुम्हाला वेळ आणि डोळे देतो. त्याची मर्यादाही तिथेच आहे. कोणता आकडा टाकायचा हे माहीत नसेल तर तो आंधळा आहे. अनोळखी ठिकाणी सगळा पट्टा धुंडाळायचं काम ऑटोचंच.

2018 च्या डिसेंबरमधली गोष्ट सांगतो. देऊळगाव राजा तालुक्यातल्या एका शेतकरी काकांना औरंगाबादच्या भाच्याने टी2 चा बॉक्स दिला होता. भाच्याच्या घरी तो मस्त चालायचा. इथून औरंगाबाद सरळ रेषेत सत्तरेक किलोमीटर, म्हणजे मामला अगदी काठावरचा. काकांनी दुपारी ऑटो स्कॅन केला तर शून्य. दोन दिवसांनी पहाटे ओलीत करायला उठले तेव्हा सहज पुन्हा करून पाहिला, तर पाच चॅनेल सापडले! दहा वाजेपर्यंत चित्र फुटून पडदा काळा. मग त्यांनी अजून एकदा ऑटो स्कॅन मारला आणि माझ्याकडे आले. म्हणाले, "भाऊ, सक्काळी पाच चॅनेल होते, आता यादीतबी एक नाई. मशीन खराब हाये का?"

मशीन ठीक होतं. हिवाळ्याच्या रात्री जमिनीलगतची हवा थंड आणि वरची उबदार असते. त्या थरामुळे लहरी खाली वाकतात आणि नेहमीपेक्षा लांबवर पोचतात. ऊन वर आलं की थर मोडतो आणि सिग्नल नेहमीच्या जागी, म्हणजे काठाखाली जातो. पहाटेच्या स्कॅनने काकांना खोटं सांगितलं नव्हतं, पण ते सत्य काही तासांचंच होतं. आणि यादी पुसली ती शेवटच्या स्कॅनने. बऱ्याच बॉक्समध्ये ऑटो स्कॅन सुरू होताच जुनी यादी साफ होते, मग दुपारी काही सापडलं नाही तर पहाटेचे चॅनेलही जातात. मॅन्युअल स्कॅन सहसा आहे त्या यादीत भर घालतो. म्हणून चॅनेल गेले की घाबरून ऑटो दाबू नका. ही चूक मी सगळ्यात जास्त वेळा पाहतो.

मी पत्र्यावर चढलो तर अँटेना जुन्या टॉवरच्या काळातली होती, काड्या हातभरापेक्षा लांब, आणि तोंड तालुक्याच्या गावाकडे. डिजिटल प्रक्षेपण यूएचएफवर असतं. तिथे काडीची लांबी वीतभर ते सव्वा वीत असते, कारण 578 मेगाहर्ट्झला अर्धी लहर जेमतेम 26 सेंटीमीटर भरते. लांब काड्यांची अँटेना हा सिग्नल नीट घेत नाही. ती काढली आणि यूएचएफची यागी अँटेना वीस फुटी जीआय पाइपावर चढवली. काड्या जमिनीला समांतर ठेवल्या, तोंड पश्चिमेला केलं.

फ्रिक्वेन्सी कुठून आणायची? इथेच लोक अडतात, पण उपाय सोपा आहे. भाच्याच्या शेजाऱ्याकडे तसाच बॉक्स होता. फोन केला आणि त्याला सांगितलं की चॅनेल चालू असताना रिमोटवरचं "INFO" दोनदा दाब आणि खाली दिसणारा आकडा वाच. आपला बॉक्स फ्रिक्वेन्सीऐवजी चॅनेलचा नंबर मागत असेल तर हिशेब असा:

```
नंबर = 21 + (फ्रिक्वेन्सी − 474) ÷ 8
578 MHz → 21 + 104 ÷ 8 = नंबर 34
```

हा 34 फक्त उदाहरणासाठी घेतलाय, तुमच्या टॉवरचा नंबर तिकडूनच विचारून घ्या. मॅन्युअल स्कॅनमध्ये बँडविड्थही विचारतात, तिथे 8 ठेवा.

याच जागी ऑटो स्कॅनचा अजून एक खोडा सापडला. काकांच्या बॉक्समध्ये "Country" या जागी तैवान निवडलेलं होतं. तिथला पट्टा 6 मेगाहर्ट्झच्या थांब्यांचा आहे. म्हणजे दुपारचा पहिला ऑटो स्कॅन चुकीच्या थांब्यांवरच उतरत होता. भाच्याला फोनवर विचारलं तर त्याने मधल्या दिवसात हे बदलून बघायला सांगितलं होतं, आणि काकांनी पहाटे जर्मनी निवडलं होतं. शेवटच्या स्कॅनआधी मात्र तिथे पुन्हा तैवान आलं होतं. काही बॉक्समध्ये भारत यादीतच नसतो, तेव्हा जर्मनी निवडलं तरी यूएचएफचे थांबे जुळतात.

मग आकडा टाकला. "Strength" साठ टक्के, "Quality" शून्य. काका म्हणाले, "साठ हाये ना, मंग चित्र काऊन येत नाई?" या प्रश्नात अर्धी विद्या आहे. "Strength" म्हणजे वायरीतून किती जोर येतोय ते, आणि त्यात कचराही मोजला जातो. "Quality" म्हणजे त्या गोंधळातून बॉक्सला किती नीट वाचता येतंय. चित्र दुसऱ्या पट्टीवर ठरतं. मी अँटेना बोटभर बोटभर फिरवत गेलो, दर वेळी पाच-सहा सेकंद थांबलो, कारण पट्टी उशिरा हलते. काका खालून आकडे ओरडत होते. शून्य, शून्य, बारा, बावीस, मग अठरा. मागे आणलं, पाइप अजून दीड हात उंच केला, तेव्हा चाळीसच्या आसपास थांबलं. स्कॅन दाबल्यावर पाचही चॅनेल एकदमच आले, कारण ते सगळे त्या एकाच फ्रिक्वेन्सीत बांधलेले असतात. एक चॅनेल सापडला आणि बाकीचे राहिले असं वाटून पुढचे नंबर चाळत बसायची गरज नसते.

बावीसवर असताना मुद्दाम ऑटो स्कॅन करून पाहिला होता, देश बरोबर निवडून. त्याने तो थांबा ओलांडून शून्य दाखवलं. त्याच जागी, त्याच मिनिटाला मॅन्युअलची पट्टी हलत होती. दोन्हींतला फरक मला याहून स्पष्ट दाखवता येणार नाही.

काकांनी बूस्टर लावायचा हट्ट धरला म्हणून तोही लावून पाहिला. "Strength" नव्वदला गेली आणि "Quality" खाली पडली. शेताजवळच मोबाईलचा टॉवर होता. उघडा बूस्टर त्याचाही जोर वाढवतो आणि ट्यूनरचं डोकं भरून जातं. बूस्टर उपयोगी पडतो तो वायर फार लांब असेल तर, आणि तोही अँटेनाजवळ पाइपावर लावला तर. तेव्हा त्याला वीज मिळते की नाही तेवढं पाहा. बॉक्समध्ये "Antenna Power" बंद असेल किंवा वेगळा अडॅप्टर नसेल तर बूस्टर सिग्नल वाढवायच्या जागी अडवतो.

ही जोडणी बारमाही पक्की झाली असं नाही. उन्हाळ्यात दुपारी "Quality" विसाच्या खाली यायची आणि चित्र चौकोन चौकोन व्हायचं, संध्याकाळी सात नंतर पुन्हा नीट. तिथून थोडं पुढे टेकडीच्या पलीकडच्या वस्तीवर हीच अँटेना, हाच बॉक्स घेऊन गेलो, सगळा पाइप चढवला, तासभर मॅन्युअलवर फिरवली. पट्टी हलली नाही. त्यांना छत्री लावून दिली. काकांच्या घरी मात्र मी फ्रिक्वेन्सीचा आकडा टीव्हीच्या मागे मार्करने लिहून ठेवला आणि रिमोटवर चिकटपट्टी लावून सांगितलं, चॅनेल गेले तर आधी संध्याकाळपर्यंत थांबा, मग हा आकडा टाका.