एटीएममधून पैसे आले नाहीत, पण खात्यातून गेले: काय करायचं?

मागच्या पावसाळ्यात खानापुरात आमच्या शेजारच्या काकूंनी ५,००० रुपये काढायला एटीएममध्ये कार्ड घातलं. यंत्र घरघरलं, लाइट गेली आणि आली, पैसे काही आले नाहीत. फोनवर मात्र रक्कम वजा झाल्याचा मेसेज. काकू रडकुंडीला आल्या होत्या.

एटीएममध्ये खात्यातून रक्कम आधी वजा होते आणि नोटा नंतर बाहेर येतात. मध्येच नोट अडकली, तर यंत्र व्यवहार रद्द झाल्याचा निरोप बँकेला पाठवतं आणि बहुतेक वेळा पैसे थोड्याच वेळात परत जमा होतात. लाइन तुटली की हा निरोप पोहोचत नाही. मग दोन्हीकडच्या नोंदी जुळवाव्या लागतात. यंत्रातली रोकड मोजली की न निघालेले ५,००० जास्त भरतात. उशीर होतो तो इथेच.

लगेच दुसऱ्यांदा काढायला जाऊ नका. पडदा पहिल्यासारखा होईपर्यंत थांबा, कारण नोटा उशिरानेही बाहेर येतात. नोटा येतात त्या फटीला पट्टी किंवा काही चिकटवलेलं दिसलं तर जागचे हलू नका, तिथूनच बँकेला फोन करा. अशा वेळी चोरांनी नोटा फटीत अडकवलेल्या असू शकतात आणि यंत्राच्या नोंदीत मात्र पैसे दिल्याचंच दिसू शकतं. स्लिप आली तर जपून ठेवा. नाही आली तर मेसेज, वेळ आणि एटीएमवरचा क्रमांक यांचा फोटो काढा.

तक्रार कार्ड ज्या बँकेचं आहे तिथेच करायची, एटीएम दुसऱ्या बँकेचं असलं तरी. तक्रार क्रमांक घेतल्याशिवाय उठू नका.

रिझर्व्ह बँकेच्या २०१९ च्या नियमाप्रमाणे व्यवहाराचा दिवस सोडून पाच दिवसांत रक्कम परत यायला हवी. त्यापुढे उशिराच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई. ही भरपाई तक्रारीची वाट न बघता बँकेने स्वतःहून द्यायची असते.

काकूंचा व्यवहार १० तारखेचा, म्हणजे मुदत १५ पर्यंत. पैसे जमा झाले १८ ला, पण फक्त ५,०००. तीन दिवसांचे ३०० रुपये आलेच नव्हते. पासबुकात दोन्ही तारखांवर खूण करून आम्ही अर्ज दिला.

‘व्यवहार यशस्वी झाला’ असं म्हणून बँकेने हात वर केले, तर यंत्राची नोंद, त्या दिवसाचा रोकड-ताळा आणि सीसीटीव्हीचं चित्रण तपासायला लेखी सांगा. चित्रण कायम राहत नाही, म्हणून हे लवकर करा. तरीही नकार आला किंवा ३० दिवसांत उत्तरच आलं नाही, तर cms.rbi.org.in वर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे फुकट तक्रार करता येते.

काकूंना तिथवर जावं लागलं नाही. अर्ज दिल्यावर चौथ्या दिवशी ३०० रुपये जमा झाले.