भोपळा दिसला की सितार म्हणू नका: फोटोवरून वाद्य ओळखताना होणाऱ्या चुका

गेली काही वर्षं मी जुन्या मैफलींच्या फोटोंना ओळी लिहून देतो. कोण बसलंय, कुठे, हातात काय. माणसं ओळखायला कुणी ना कुणी भेटतंच, पण वाद्याचं नाव मात्र आपण फार पटकन लिहून मोकळे होतो. सर्वांत जास्त गफलत होते ती लांब दांडीच्या आणि भोपळ्याच्या वाद्यांत, म्हणजे तंबोरा, सितार, सुरबहार आणि वीणा यांच्यात. इथे तेवढ्यांबद्दलच लिहितो.

पहिली चूक म्हणजे नजर आधी भोपळ्यावर जाणं. तो मोठा आणि गोल असतो, उजेडात चमकतो, म्हणून लक्ष तिकडेच जातं. पण नुसत्या भोपळ्यावरून तंबोरा आणि सितार यांत फरक करताच येत नाही. मिरजेच्या सितारमेकर गल्लीत तंबोरा आणि सितार एकाच कारागिराच्या हातून घडतात. दोन्हींना पंढरपूर-मंगळवेढा भागातले कडू भोपळे लागतात आणि नक्षीकामही त्याच हातचं. खालचा अर्धा भाग झाकला तर नाव सांगता येतं, वरचा अर्धा झाकला तर येत नाही. म्हणून सुरुवात दांडीपासून करावी.

दांडीवर पडदे आहेत का, हा पहिला प्रश्न. तंबोऱ्याची दांडी गुळगुळीत असते आणि वरच्या टोकाला बहुधा चारच खुंट्या असतात, क्वचित पाच किंवा सहा. सितारीवर धातूचे कमानदार पडदे दोऱ्यानं बांधलेले असतात, साधारण 19 किंवा 20. फोटो धूसर असेल तर पडदे दिसत नाहीत, आणि मग लोक तारा मोजायला लागतात. ते करू नये, कारण जुन्या फोटोत तारा दिसत नाहीतच. त्याऐवजी दांडीची कड बघावी. तिथे बारीक खुंट्यांची ओळ गेलेली असेल तर त्या तरफांच्या, म्हणजे न छेडता आपोआप झंकारणाऱ्या तारांच्या खुंट्या; मग तंबोऱ्याचा प्रश्न मिटला. मात्र ओळ नाही म्हणून सितार नाही, असं उलटं म्हणता येत नाही. बिनतरफांच्या सितारीही होत्या.

मग हात बघावेत. तंबोरा वाजवणाऱ्याची बोटं तारा नुसत्या छेडतात, दुसरा हात कुठेही स्वर दाबत नाही. सितारवादकाचा डावा हात पडद्यांवर असतो आणि उजव्या तर्जनीत मिजराब असते. मी मोठा करून बघतो ते हेच बोट. पेरावर तारेचा त्रिकोणी वेढा दिसला की बरीच शंका फिटते. तरीही हातांचा पुरावा दुसऱ्या नंबरचाच, कारण स्टुडिओत काढलेल्या फोटोत वाद्य नुसतं शोभेला दिलेलं असायचं. असा फोटो लगेच कळतो. भोपळा मांडीवर कसाबसा टेकवलेला असतो आणि बोटं पडद्यांच्या आसपास नुसती ठेवलेली असतात.

बैठकीवर जास्त विसंबून माझीच एक मोठी चूक झाली होती. एका संग्रहातला फोटो आला. वादक मांडी घालून बसलेले, वाद्य आडवं, डावीकडचा भोपळा मांडीवर, उजवीकडचा जमिनीला. मी बिनधास्त लिहिलं, ‘सरस्वती वीणा’. कारण रुद्रवीणा म्हणजे एक भोपळा डाव्या खांद्यावर, हे डोक्यात पक्कं बसलेलं. दुसऱ्या दिवशी तोच फोटो मोठा करून बघितला आणि चूक दिसली.

सरस्वती वीणेला उजव्या टोकाला फणसाच्या लाकडाचा कोरलेला घट असतो. तारा जिच्यावर टेकतात ती घोडी त्या घटाच्या सपाट तोंडावर बसते. दुसरा भोपळा लहान असतो, डाव्या टोकाजवळ दांडीखाली लावलेला, आणि डावं टोक याळीच्या, म्हणजे सिंहासारख्या मुखात संपतं. माझ्या फोटोत दोन्ही भोपळे मोठे आणि जवळजवळ सारखे होते, आणि दोन्ही एका गोल नळीसारख्या दांडीच्या खाली लटकलेले. घट नव्हता. घोडी होती ती दांडीच्याच उजव्या टोकावर. त्या टोकाला कोरीव मोर, आणि डावीकडे याळी नाहीच. म्हणजे वाद्य रुद्रवीणा, फक्त मांडीवर घेतलेली. झिया मोहिउद्दीन डागर (1929–1990) रुद्रवीणा अशीच घेऊन वाजवायचे. पनवेलजवळ पळस्प्याला त्यांचं गुरुकुल होतं. उलट असद अली खाँ ती खांद्यावर घेत. एकच वाद्य, बैठकी दोन. तेव्हापासून वीणेच्या फोटोत मी आधी घोडी कशावर बसलीय ते शोधतो. लाकडी घटावर असेल तर सरस्वती वीणा, भोपळे टांगलेल्या नळीवर असेल तर रुद्रवीणा. दांडीवर पडदेच नसतील आणि वाद्य जमिनीवर आडवं ठेवलेलं असेल, तर वादकाच्या डाव्या हातातला गोटा बघावा. तो तारांवरून सरकवून वाजवतात. खाली दोन मोठे भोपळे असतील तर विचित्र वीणा, लाकडी घट असेल तर दक्षिणेतली चित्रवीणा.

सितारीच्या दांडीलाही वरच्या बाजूला कधी दुसरा भोपळा लावलेला असतो. दोन भोपळे दिसले म्हणून तिला वीणा लिहू नये. सितारीत वरचा भोपळा लहान असतो आणि मोठा भोपळा थेट दांडीच्या खालच्या टोकाशी जोडलेला असून त्याच्या तोंडावर लाकडी तबली असते.

ही तबलीही एकदा नीट बघावी. दिलरुबा आणि इसराज यांची दांडी आणि पडदे अगदी सितारीसारखेच दिसतात. पण त्यांच्या पोटावर कातडं ताणलेलं असतं आणि ती गजानं वाजवतात. फोटो कमरेच्या वरचाच असेल आणि गज चौकटीबाहेर राहिला असेल, तर हमखास ‘सितार’ लिहिलं जातं. उभं धरलेलं पडद्यांचं वाद्य दिसलं की गज शोधावा.

सितार की सुरबहार, हे मात्र पुष्कळदा ठरत नाही. सुरबहार मोठी, दांडी रुंद, भोपळा मागून चपटा. वादक सोबत असेल तर मापाचा अंदाज येतो. वाद्य एकटंच भिंतीला टेकवलेलं आणि समोरून टिपलेलं असेल, तर मी ‘सितार किंवा सुरबहार’ असंच लिहितो.

उलटा छापलेला फोटो ही आणखी एक फसगत. सितारीची दांडी वादकाच्या डावीकडे जाते, म्हणजे समोरून बघताना आपल्या उजवीकडे. तसं नसेल तर डावखुरा वादक म्हणण्याआधी पदर कुठल्या खांद्यावर आहे, मागच्या फलकावरची अक्षरं उलटी आहेत का, ते बघावं. बहुतेक वेळा निगेटिव्ह उलटी छापलेली निघते.

शेवटचा फोटो दिंडीतला. विणेकऱ्याच्या गळ्यात पट्ट्यानं अडकवलेलं, खांद्याला टेकलेलं, लहानसं एका भोपळ्याचं वाद्य. त्याचं काम तंबोऱ्यासारखंच, सूर धरून ठेवण्याचं, म्हणून एका नोंदीत कुणीतरी ‘वीणा’ खोडून ‘तंबोरा’ केलं होतं. मी ते परत बदललं. ज्यांच्या गळ्यात ती असते ते तिला वीणाच म्हणतात, तिच्या पाया पडतात, एकमेकांच्या गळ्यात देतात. नोंदीत आता आहे: ‘वारकरी वीणा, एका भोपळ्याची, सूर धरण्यासाठी.’