वकिलाकडे जाण्याआधी : थकलेल्या बिलासाठी मागणीची नोटीस कशी लिहावी

फोन उचलला जात नाही, उचललाच तर "साहेब बाहेर आहेत". अशा वेळी बहुतेक जण रागाच्या भरात एक लांबलचक पत्र लिहितात. त्यात जुनी मैत्री असते, विश्वासघात असतो, "पोलिसांत जाऊ" असतं. फक्त नेमकी रक्कम किती आणि ती कशी झाली, एवढंच नसतं.

नोटीस जरी पार्टीच्या नावाने जात असली, तरी ती लिहायची तिसऱ्या माणसासाठी. उद्या प्रकरण वाढलं तर कोणी न्यायाधीश किंवा लघुउद्योगांच्या थकबाकीचे वाद पाहणाऱ्या सुविधा परिषदेतला अधिकारी हाच कागद वाचेल. त्याला तुमच्या रागाशी देणंघेणं नाही. माल कधी गेला, पैसे किती आले, किती राहिले, हे त्याला एका वाचनात कळायला हवं. आणि समोरच्याला प्रत्येक परिच्छेदावर "हो" किंवा "नाही" म्हणावंच लागेल, अशी मांडणी हवी.

एक उदाहरण धरून चालू. भोसरीतलं छोटं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप, सरकारकडे लघुउद्योग म्हणून उद्यम नोंदणी झालेलं. चाकणच्या एका कंपनीला लोखंडी रॅक करून दिले. बिल २,००,००० रुपये, १८ टक्के जीएसटीसह २,३६,०००. ऑर्डरबरोबर ५०,००० आगाऊ आले. माल १४ जून २०२४ ला पोचला. ९ ऑक्टोबर २०२४ ला आणखी ३६,००० एनईएफटीने आले आणि मग सगळं थांबलं. बाकी दीड लाख.

पहिली पायरी : देणेकरी नेमका कोण?

आपण ज्याला "शेठ" म्हणतो तो कायद्याने देणेकरी असेलच असं नाही. माल प्रायव्हेट लिमिटेड कंपनीने घेतला असेल, तर नोटीस कंपनीच्या नावाने जाते, संचालकाच्या नाही. प्रोप्रायटरी फर्म असेल तर मालकाचं नाव लागतं, भागीदारी असेल तर फर्म आणि भागीदार दोन्ही. बिलावरचा त्यांचा जीएसटी क्रमांक जीएसटीच्या पोर्टलवर टाकला की कायदेशीर नाव आणि व्यवसायाचं नाव वेगवेगळं दिसतं. नोटिशीवर कायदेशीर नाव घाला. कंपनीच्या नोंदणीकृत कार्यालयाला एक प्रत आणि जिथे माल उतरवला त्या पत्त्यावर एक प्रत पाठवा.

दुसरी पायरी : हकीकत, एका वेळी एक गोष्ट

वर तारीख, दोघांचे पूर्ण पत्ते आणि विषय : "बिल क्रमांक अमुक, दिनांक अमुक, पोटी थकीत रु. १,५०,००० व त्यावरील व्याजाची मागणी". पुढे क्रमांक घालून छोटे परिच्छेद :

१. आपण दिनांक अमुकच्या पर्चेस ऑर्डरने आम्हाला रॅक बनवण्याचे काम दिले.
२. सदर माल १४ जून २०२४ रोजी आपल्या चाकण येथील गोदामात पोचवला. डिलिव्हरी चलनावर आपल्या स्टोअरची सही व शिक्का आहे.
३. मालाबाबत आपण आजवर कोणतीही लेखी तक्रार केलेली नाही.
४. बिलाच्या रु. २,३६,००० पैकी रु. ५०,००० व रु. ३६,००० मिळाले. रु. १,५०,००० येणे बाकी आहे.

तिसरा परिच्छेद लोक विसरतात. नोटीस मिळाल्यावर अचानक "रॅक वाकले होते" ही तक्रार उगवते, ती तिथेच उघडी पडते. पण खरोखर तक्रार आली असेल तर ती लपवू नका; तुम्ही काय दुरुस्ती करून दिली ते लिहा.

मिळालेली रक्कम प्रामाणिकपणे वजा करा. फुगवलेला एक आकडा सापडला की समोरचा बाकीचे आकडेही खोटे ठरवू लागतो.

तिसरी पायरी : व्याज

इथे सूक्ष्म आणि लघु उद्योगांच्या हातात चांगलं हत्यार आहे. एमएसएमईडी कायदा, २००६ प्रमाणे लेखी मुदत ठरली नसेल तर माल स्वीकारल्यापासून १५ दिवसांत पैसे द्यावे लागतात. ठरली असेल तरी ती ४५ दिवसांपलीकडे जाऊ शकत नाही. त्यानंतर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दर महिन्याला चक्रवाढ व्याज लागतं. आपल्या उदाहरणात मुदत २९ जून २०२४ ला संपली. तेव्हा बँक रेट ६.७५ टक्के होता, म्हणजे व्याज वर्षाला २०.२५ टक्के. तेव्हाच्या १,८६,००० बाकीवर पहिल्याच महिन्याचं व्याज सुमारे ३,१३९ रुपये होतं. पुढच्या महिन्यात ते मुद्दलात मिळवून मोजायचं. बँक रेट २०२५ मध्ये उतरत गेला, म्हणून हिशेबाचा तक्ता वेगळ्या कागदावर जोडा आणि नोटिशीत फक्त एकूण आकडा द्या.

उद्यम नोंदणी ऑर्डरच्या आधीची असली पाहिजे, नंतर केलेल्या नोंदणीवरून वाद होतात. शिवाय निव्वळ व्यापाऱ्याला, म्हणजे विकत घेऊन विकणाऱ्याला, या तरतुदीवर भिस्त ठेवता येत नाही. त्याने आणि नोंदणी नसलेल्यानेही व्याजाचं वाक्य मात्र घालावंच. व्याजाबाबत काही ठरलेलं नसेल, तर १९७८ च्या व्याज कायद्यानुसार व्याज मागणाऱ्या लेखी नोटिशीच्या तारखेपासून न्यायालय व्याज देऊ शकतं.

चौथी पायरी : मागणी आणि मुदत

"लवकरात लवकर" हे शब्द टाळा. "रु. १,५०,००० व सोबतच्या तक्त्याप्रमाणे व्याज २७ फेब्रुवारी २०२६ पर्यंत खालील बँक खात्यात जमा करावे. रक्कम आपल्याला मान्य नसल्यास कोणती व का, हे त्याच तारखेपर्यंत लेखी कळवावे." नोटीस १० फेब्रुवारीला निघाली तर ही मुदत रास्त आहे.

पुढे काय कराल हे एका वाक्यात, आणि जे खरोखर करणार तेवढंच : "मुदतीत रक्कम न मिळाल्यास आम्ही सूक्ष्म व लघु उद्योग सुविधा परिषदेकडे अर्ज करू. आमचे सर्व हक्क राखून ठेवत आहोत." दीड लाखासाठी "एनसीएलटीत खेचू", म्हणजे दिवाळखोरीसाठी कंपनी न्यायाधिकरणात नेऊ, असं लिहिणं हास्यास्पद आहे, तिथे किमान थकबाकी एक कोटीची लागते. अटक, बदनामी, त्यांच्या ग्राहकांना कळवणं, असलं काही लिहिलंत तर उलट तुमच्यावरच तक्रार होईल.

चेक परत आला असेल तर गोष्ट वेगळी. बँकेचा मेमो मिळाल्यापासून ३० दिवसांत चेकच्या रकमेची स्वतंत्र नोटीस जावी लागते. ती वकिलाकडूनच करून घ्या.

पाठवणी

पर्चेस ऑर्डर, बिल, सहीचं चलन, खातेउतारा आणि "मार्चमध्ये क्लिअर करतो" असे मेसेज असतील तर त्यांच्या प्रती जोडा. मूळ कागद देऊ नका. २०२५ मध्ये रजिस्टर्ड पोस्ट स्पीड पोस्टमध्ये विलीन झालं आहे, तेव्हा खिडकीवर रजिस्ट्रेशन आणि पोचपावतीची सोय मागून घ्या. तीच नोटीस पीडीएफ करून ईमेलनेही पाठवा. लखोटा "घेण्यास नकार" शेरा मारून परत आला तर फोडू नका, तसाच जपा.

मुदतीचा काटा

नोटीस पाठवल्याने तीन वर्षांची दाव्याची मुदत थांबत नाही. मुदत संपण्याआधी देणेकऱ्याने सहीनिशी देणं कबूल केलं तरच ती नव्याने सुरू होते. अंशतः पैसे आले तरी त्याला त्याच्या हातचं किंवा सहीचं लिखाण लागतं; नुसत्या एनईएफटीवर वाद होऊ शकतो. म्हणून ९ ऑक्टोबर धरू नका, डिलिव्हरीपासून मोजा : १४ जून २०२७ च्या बऱ्याच आधी फाइल वकिलाकडे गेलेली हवी. उत्तरात "बाकी मान्य, हप्ते द्या" असं आलं तर सही आणि तारीख असलेलं पत्रच घ्या, फोनवर मिटवू नका. आणि "पूर्ण व अंतिम" लिहून साठ-सत्तर हजार खात्यात टाकले, तर त्याच दिवशी लेखी कळवा की ही रक्कम खात्यापोटी जमा केली आहे, उरलेली मागणी कायम आहे.