झेड-स्कोअरआधी क्वांटाइल आलेख: माझा अनुभव

ठाण्यातल्या एका क्लासची चाचणी: 60 मुले, 50 पैकी गुण, सरासरी 38, प्रमाण विचलन 9. वरची 5 टक्के मुले निवडायला झेड, म्हणजे सरासरीपासून किती प्रमाण विचलने दूर ते, 1.645 घेतला, तर कटऑफ आला 52.8. म्हणजे पूर्ण गुण मिळवणारासुद्धा बाहेर!

मग एक्सेलमध्ये गुण चढत्या क्रमाने बी रकान्यात लावले, ए रकान्यात 1 ते 60 क्रमांक, आणि सी रकान्यात:

```
=NORM.S.INV((A2-0.5)/60)
```

सी आडव्या अक्षावर, गुण उभ्या अक्षावर घेऊन स्कॅटर काढला; हाच क्वांटाइल आलेख. त्यावर 38 + 9 × झेड ही रेषा. वितरण प्रसामान्य असेल तर ठिपके रेषेला धरून चालतात. इथे उजवे टोक 50 वर सपाट झाले होते, शेवटच्या ठिपक्याशी (झेड 2.39) रेषा मात्र 59.5 वर. कारण सरळ आहे: पेपर सोपा, 9 मुलांना पैकीच्या पैकी. गुण पूर्णांकात असल्याने मधे दिसणाऱ्या छोट्या पायऱ्यांना घाबरू नये, आणि टोकाचे एक-दोन ठिपके हलले म्हणून लगेच निष्कर्षही काढू नये. सलग वाक पाहायचा.

झेड सोडून थेट क्रमवारी घेतली. पण 9 जण बरोबरीत, जागा 3. त्यांच्यासाठी अवघड पेपर पुन्हा घ्यावाच लागला.